दहा लाख पदांची बेरीज शेवटून का करायची

प्रश्न: सर, मी सीमध्ये `1/n²` या श्रेणीच्या पहिल्या दहा लाख पदांची बेरीज करू लालोय. एकपासून वर गेलो तर १.६४४७२ येतंय आणि दहा लाखापासून खाली आलो तर १.६४४९३. संख्या त्याच, मग बेरीज वेगळी कशी? आमचे सर म्हणले लहान पदं आधी घ्यायची, पण का ते सांगितलं नाही. आणि हे नेहमीच करायचं का? (परभणी)

उत्तर:

तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे आणि कॉम्प्युटरही ठीक आहे. गडबड आहे ती शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेल्या एका नियमात. (अ + ब) + क आणि अ + (ब + क) एकच, असं आपण धरून चालतो. फ्लोटमध्ये अ + ब आणि ब + अ सारखंच येतं, तेवढं शाबूत आहे. पण तिसरी संख्या आली की कंस कुठे पडला यावर उत्तर बदलू शकतं, कारण प्रत्येक बेरीज झाल्यावर उत्तर ठरलेल्या जागेत कोंबावं लागतं आणि कोंबताना शेपूट कापलं जातं. दहा लाख बेरजा म्हणजे दहा लाख वेळा कापाकापी. कुठल्या वेळी किती कापलं गेलं, एवढाच सगळा हिशेब आहे.

"नेहमीच करायचं का" याचं उत्तर मात्र पदांवर अवलंबून आहे: सगळी पदं एकाच चिन्हाची आहेत का, त्यांच्या आकारात किती फरक आहे, तुम्ही फ्लोट वापरताय की डबल. तिकडे नंतर येतो. आधी तुमचंच उदाहरण, कारण यात सगळं दिसतं.

आपल्याकडे मोंढ्यात सोयाबीनचा ट्रक काट्यावर चढतो तेव्हा डिस्प्लेवर वजन दहा-दहा किलोच्या पायरीनं दिसतं, असं समजा. भरलेल्या ट्रकवर तुम्ही ओंजळभर दाणे टाकले तर आकडा हलत नाही. तेच दाणे आधी पोत्यात भरले, पोतं भरल्यावर ट्रकवर टाकलं, तर आकडा हलतो. लहान पदं आधी मिळवायची म्हणजे आधी पोतं भरायचं. फक्त एका ठिकाणी ही उपमा तुटते. काट्यावर दाणे निदान ट्रकमध्ये पडून राहतात, हजार ओंजळींनंतर आकडा पुढे सरकतोच. कॉम्प्युटरमध्ये आकडा हलला नाही म्हणजे ओंजळ गेलीच. पुढच्या ओंजळीला मागची आठवत नाही.

आता ही पायरी फ्लोटमध्ये किती मोठी असते ते बघू. फ्लोटला संख्येचे आकडे साठवायला २४ बिट असतात, आपल्या दशमान हिशेबात साधारण सात आकडे. दशांशचिन्ह सरकतं, आकड्यांची संख्या सरकत नाही. म्हणून दोन लगतच्या फ्लोट संख्यांमधलं अंतर, म्हणजे आपली पायरी, संख्येबरोबर वाढते. १ ते २ च्या मध्ये ती २ चा −२३ वा घात असते, अंदाजे ०.०००००१२ चा दहावा भाग. ०.००१ च्या आसपास ती याच्या हजारपट बारीक होते. आणि १,६७,७७,२१६ वर ती २ होते, म्हणून त्या संख्येत १ मिळवला तर उत्तर तेच येतं. हे घरी करून बघा, विश्वास ठेवायला सोपं जातं.

मिळवलेलं पद अर्ध्या पायरीपेक्षा लहान असेल तर बेरीज जागची हलत नाही. बरोबर अर्धी पायरी असेल तर लगतच्या दोन संख्यांपैकी जिचा शेवटचा बिट शून्य ती निवडली जाते. हा नियम आयईईई ७५४ नावाच्या मानकात १९८५ पासून आहे आणि आजचे जवळपास सगळे प्रोसेसर तो पाळतात.

तुमचा प्रोग्रॅम मी असा धरतोय:

```c
const int N = 1000000;
float a = 0.0f, b = 0.0f;
for (int n = 1; n <= N; n++)
    a += 1.0f / ((float)n * n);
for (int n = N; n >= 1; n--)
    b += 1.0f / ((float)n * n);
printf("%.8f\n%.8f\n", a, b);
```

पहिल्या लूपमध्ये काय होतं? पहिलंच पद १. म्हणजे पहिल्या बेरजेपासून ट्रक भरलेला. तिथून शेवटपर्यंत बेरीज १ आणि २ च्या मध्येच राहते, पायरी शेवटपर्यंत तीच जाड. अर्धी पायरी म्हणजे २ चा −२४ वा घात. आणि ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात, म्हणून ४०९६ व्या पदाची किंमत बरोबर २ चा −२४ वा घात, नेमकी अर्धी पायरी! हे शेवटचं पद ज्यानं बेरीज हलली. त्यानंतरचं प्रत्येक पद अर्ध्या पायरीपेक्षा लहान. लूप ४०९७ पासून दहा लाखापर्यंत पळत राहिलं, वीज जाळत राहिलं, आणि `a` १.६४४७२५३२ वर ठप्प. तुम्ही N दहा लाखाऐवजी दहा हजार ठेवून बघा, हाच आकडा येईल. पाच हजार ठेवलं तरी हाच.

दहा लाख पदांची खरी बेरीज १.६४४९३३ आहे. हरवलेल्या पदांची बेरीज साधारण १/४०९६, म्हणजे ०.०००२४४. एकेक पद नगण्य, पण सगळी मिळून चौथ्या दशांशात दिसतात.

इथे जरा थांबा, कारण एक गोष्ट बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत. ०.०००२४४ हरवले असतील तर उत्तर १.६४४६९ यायला हवं होतं. आलं १.६४४७२५. म्हणजे ०.००००३५ जास्तीचे कुठून तरी आले. मी वर्गात हा प्रश्न टाकायचो तेव्हा पोरं गप्प बसायची. उत्तर असं आहे: २३६५ व्या पदापासून ४०९५ व्या पदापर्यंत प्रत्येक पद अर्ध्या पायरीहून मोठं पण दीड पायरीहून लहान आहे. राउंडिंगनं त्या प्रत्येकाची अख्खी एक पायरी मोजली. दीड पायरीच्या जवळचं पद असो की अर्ध्या पायरीच्या जवळचं, सगळ्यांना एकच भाव. ही १७३१ पदं खरी ०.०००१७९ ची, मोजली गेली ०.०००२०६ ची. जास्तीच्या रकमेतला मोठा वाटा इथलाच. उरलेला त्याआधीच्या पदांतून येतो, जिथे दोन-दोन, तीन-तीन पायऱ्या मोजल्या गेल्या. म्हणजे पुढून केलेल्या बेरजेत पदं नुसती हरवत नाहीत. हरवण्याच्या आधी बराच वेळ ती चुकीच्या भावानं मोजली जातात. तुमच्या उत्तरात दोन्ही चुका आहेत, आणि त्या उलट दिशेच्या असल्यामुळे एकीनं दुसरीला थोडं झाकलंय.

आता दुसरं लूप. दहा लाखाव्या पदापासून खाली येताना बेरीज सुरुवातीला इवलीशी असते, म्हणून पायरीही इवलीशी. तुम्ही एक हजाराव्या पदापर्यंत खाली आलात, दहा लाखांपैकी ९,९९,००१ पदं मिळवून झाली, तरी बेरीज ०.००१ च्या आत असते. तिथली पायरी पहिल्या लूपमधल्या पायरीच्या १०२४ व्या हिश्श्याइतकी. म्हणजे जवळजवळ सगळं काम बारीक काट्यावर झालं आणि जाड काट्यावर शेवटच्या मोजक्या बेरजा उरल्या. शेवटचं पद १ मिळवताना बेरीज ०.६४४९ असते, त्या एका बेरजेत फार तर अर्धी पायरी चुकेल.

हे आकड्यांत मांडायचं तर साधा नियम लक्षात ठेवा: प्रत्येक बेरजेतली चूक त्या क्षणीच्या बेरजेच्या आकाराच्या प्रमाणात असते, मिळवलेल्या पदाच्या आकाराच्या नव्हे. पुढून जाताना दहा लाख वेळा दीडेकच्या आकाराच्या बेरजेवर चूक होते. मागून येताना n व्या पदापाशी बेरीज साधारण 1/n असते, आणि त्या सगळ्या 1/n ची बेरीज दहा लाखांपर्यंत जेमतेम १४.४ भरते. दोन्हीकडची वाईटात वाईट चूक काढली तर पुढून ०.०६ ते ०.१ पर्यंत जाऊ शकते, मागून सातव्या दशांशात राहते. प्रत्यक्षात दोन्हीकडे त्याहून बरीच कमी होते, पण फरक कुठून येतो ते यातून कळतं.

हीच गोष्ट `1/n` या श्रेणीवर करून बघा, मजा येईल. ती श्रेणी अनंताकडे जाते हे तुम्ही शिकलाय. फ्लोटमध्ये पुढून बेरीज करत गेलात तर २०,९७,१५२ व्या पदापाशी ती १५.४०३६८ वर थांबते आणि कितीही वेळ लूप चालवलं तरी पुढे जात नाही. काही जण "बेरीज बदलायची थांबली की श्रेणी संपली" अशी अट लावून लूप लिहितात. त्या अटीनं हा प्रोग्रॅम अनंत श्रेणीला १५.४०३६८ हे उत्तर देऊन समाधानानं थांबेल. तुमच्या `1/n²` लाही हीच अट ४०९६ च्या पुढे लगेच थांबवेल आणि तुम्हाला वाटेल सात आकडे बरोबर आलेत. आलेत फक्त चार. बेरीज हलायची थांबली म्हणजे काटा जाड झाला, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

डबल वापरला तर? डबलला ५३ बिट, पंधरा-सोळा आकडे. दहा लाख पदांना दोन्ही दिशांची उत्तरं तुम्हाला बारा-तेरा आकड्यांपर्यंत सारखी दिसतील आणि वाटेल प्रश्न मिटला. मिटला नाही, लांब गेला. डबलमध्ये पुढून जाताना साधारण ९ कोटी ४९ लाखाव्या पदानंतर बेरीज हलत नाही. तिथपर्यंत सहसा कोणी जात नाही, म्हणून रोजच्या कामात माझा पहिला सल्ला डबल वापरा हाच असतो. क्रमाचा विचार त्यानंतर.

पण डबल हाताशी नसेल तर काय होतं, ते माझ्याच अनुभवातून सांगतो. मी नांदेडला असतो. बरीच वर्षं न्यूमेरिकल मेथड्स शिकवल्या, नंतर पंप आणि मीटरच्या कंट्रोल बोर्डांचं प्रोग्रॅमिंग करायला लागलो. एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या बोर्डावर एकूण पाणी मोजणारा आकडा फ्लोटमध्ये ठेवलेला होता, घनमीटरमध्ये. पंप सेकंदाला दहा लिटर देणारा, म्हणून दर सेकंदाला बेरजेत ०.०१ मिळवायचं. तो कोड दुसऱ्याचा होता, पण मी वाचून "ठीक आहे" म्हणलो होतो, त्यामुळे दोष माझाही. दोन वर्षांच्या वर गेल्यावर ऑपरेटरचा फोन आला: "साहेब, पाणी तर येऊ लालंय, मीटर मात्र उभंच हाय."

मी विचारलं आकडा काय. म्हणाला, २,६२,१४४. ऐकल्याबरोबर मी कपाळावर हात मारला. २,६२,१४४ म्हणजे २ चा अठरावा घात. तिथे फ्लोटची पायरी ०.०३१२५ होते, अर्धी पायरी ०.०१५६. आपलं ०.०१ त्याच्या आतलं. दर सेकंदाची ओंजळ हवेत.

खरं दुखणं मात्र आधीपासून होतं. रजिस्टर मागवून रोजचे आकडे पाहिले. पंप रोज आठ तास, म्हणजे रोज २८८ घनमीटर यायला हवेत. मीटर ६५,५३६ व्हायच्या आधी तीनेक महिने रोज ३३७ दाखवत होतं. मग एकदम २२५ वर आलं आणि १,३१,०७२ होईपर्यंत तिथेच राहिलं. त्यानंतर ४५०. मग शून्य. प्रत्येक वेळी पायरी दुप्पट झाली आणि ०.०१ चं राउंडिंग कधी वर, कधी खाली गेलं: आधी तीन पायऱ्या, मग एक पायरी, मग दुप्पट जाडीची एक पायरी. शेवटच्या टप्प्यात तर पंपानं सेकंदाला आठ लिटर दिले काय आणि पंधरा दिले काय, मीटर एकाच चालीनं पळत होतं. गावात मात्र प्रत्येक बदलाला कारण सापडलेलं होतं. २२५ झालं तेव्हा व्होल्टेज कमी होतं, ४५० झालं तेव्हा उन्हाळा होता. आकडा शून्य झाला नसता तर कोणी फोनसुद्धा केला नसता.

ओळखायची खूण म्हणाल तर हीच: चाल बदलते ती २ च्या घातांपाशी. ६५,५३६, १,३१,०७२, २,६२,१४४. ऋतू किंवा व्होल्टेज असे आकडे बघून बदलत नाहीत.

आता ही गोष्ट तुमच्या प्रश्नाला कुठे लागते? इथे "लहान आधी, मोठं नंतर" काही कामाचं नाही. सगळी पदं सारखीच, ०.०१, पुढून घ्या की मागून. क्रम लावून फायदा तेव्हाच होतो जेव्हा पदांच्या आकारात मोठा फरक असतो आणि मोठी पदं थोडी, लहान पुष्कळ असतात. सारख्या पदांसाठी पोती वेगळी करावी लागतात: मिनिटाची बेरीज एका जागी, तासाची दुसऱ्या जागी, मग एकूण. किंवा बेरजा जोडीजोडीनं करायच्या, दोन-दोनच्या, मग चार-चारच्या, असं वर चढत जायचं. पायथनमधलं नमपाय बहुतेक वेळा बेरीज अशाच रीतीनं करतं, म्हणून तिथे फ्लोटच्या लांब ओळीची बेरीजही अंगावर येत नाही.

मीटरवर आम्ही यातलं काहीच केलं नाही. लिटर पूर्णांकात मोजायला लावले आणि दाखवताना तेवढा हजारानं भागाकार. जिथे मोजायची वस्तू पूर्णांकात बसते तिथे फ्लोट वापरूच नका, हे माझं ठाम मत आहे.

जिथे फ्लोटच वापरावा लागतो आणि क्रमही आपल्या हातात नसतो, तिथे विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये मांडलेली युक्ती आहे. कापलेलं शेपूट फेकायचं नाही, खिशात ठेवायचं आणि पुढच्या पदात घालायचं. `s` म्हणजे बेरीज, `c` म्हणजे खिसा, दोन्ही सुरुवातीला शून्य, आणि `x` म्हणजे नवीन पद. प्रत्येक पदाला एवढं करायचं:

```c
float y = x - c;
float t = s + y;
c = (t - s) - y;
s = t;
```

मीटरच्याच आकड्यांवर चालवून बघा. `s` २,६२,१४४ आणि `x` ०.०१. पहिल्या सेकंदाला `t` जागचा हलत नाही, पण `c` मध्ये −०.०१ राहतं: एवढं देणं बाकी आहे. दुसऱ्या सेकंदाला `y` होतं ०.०२, अर्ध्या पायरीहून मोठं, आणि बेरीज एक पायरी चढते. आता ०.०११२५ जास्त दिले गेले, तेही `c` मध्ये नोंदलं जातं आणि पुढच्या पदांतून वजा होतं. मीटर धक्क्याधक्क्यानं चालेल, पण खोटं बोलणार नाही. एकच सावधगिरी: कंपायलरला `-ffast-math` देऊ नका. तो ऑप्शन दिला की कंपायलर बीजगणित शाळेतल्यासारखं करायला मोकळा होतो, `(t - s) - y` म्हणजे शून्य असं ठरवतो आणि तुमचा खिसाच काढून टाकतो. त्याच ऑप्शननं तुमच्या दोन लूपमधला क्रमही तो स्वतःच्या सोयीनं बदलू शकतो, मग दोघांचं उत्तर जवळजवळ सारखं आलं तर नवल करू नका.

चिन्हं मिसळलेली असतील तर मात्र तुमच्या सरांचा नियम उलटाही पडू शकतो. फ्लोटमध्ये या चार संख्या घ्या: १, १,६७,७७,२१६, ३,३५,५४,४३२ आणि −५,०३,३१,६४८. खरी बेरीज १. लहानापासून सुरुवात केली तर तो १ पहिल्याच बेरजेत गिळला जातो आणि शेवटी उत्तर येतं शून्य. मोठ्यापासून सुरुवात केली तर मोठ्या संख्या एकमेकींना खाऊन संपतात आणि १ सहीसलामत उरतो. आणि कधी कुठलाच क्रम वाचवत नाही. e च्या −२० व्या घातासाठी घातश्रेणी घातली तर मधली पदं ४ कोटी ३१ लाखांच्या घरात जातात, एक अधिक, एक उणे. डबलमध्येही तिथली पायरी ०.००००००००७ असते आणि खरं उत्तर आहे ०.००००००००२. उत्तर पायरीहून लहान! तिथे क्रमाशी झटापट करण्यापेक्षा e चा २० वा घात काढायचा, त्यात सगळी पदं अधिक असतात, आणि १ ला त्यानं भागायचं.

म्हणजे सरांचा नियम असा वाचा: सगळी पदं एकाच चिन्हाची आणि आकारानं उतरत्या भाजणीची असतील, तर शेवटून या. श्रेणींच्या बाबतीत तो फुकटात मिळतो, कारण पदं आधीच ओळीनं उभी असतात, लूपची दिशा तेवढी बदलायची. ओळीनं नसलेली पदं आधी सॉर्ट करून मग मिळवणं मी सहसा करत नाही. सॉर्टिंगला बेरजेहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कहानची युक्ती काम उरकते. शेवटून यायचं तर N आधी ठरवावा लागतो, ही अडचण मात्र आहेच.

आणि एक, N ठरवण्यावरूनच. बेरीज कितीही निर्दोष केली तरी दहा लाखापुढची पदं तुम्ही घेतलेलीच नाहीत. त्यांची बेरीज साधारण १/N, म्हणजे ०.०००००१. ऑयलरनं १७३५ मध्ये काढलेली पूर्ण श्रेणीची किंमत π²/६ आहे, १.६४४९३४०६६८. तुमचं मागून आलेलं उत्तर त्याच्याशी सहाव्या दशांशात जुळत नाही, ते राउंडिंगमुळे नव्हे, श्रेणी मध्येच तोडल्यामुळे. या दोन चुका वेगळ्या ठेवा. परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे लोक त्यांची खिचडी करतात.

ती तुटलेली शेपटी कागदावर काढता येते: `1/N - 1/(2N²) + 1/(6N³)`. एवढं घेतलं की दहा लाख पदं लागतच नाहीत, हजार पुरतात. आणि शेपटी म्हणजे सगळ्यात लहान पदांचं पोतं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करायची:

```c
const int N = 1000;
double M = N;
double s = 1/M - 1/(2*M*M) + 1/(6*M*M*M);
for (int n = N; n >= 1; n--)
    s += 1.0 / ((double)n * n);
printf("%.15f\n", s);
```

निदान चौदा आकडे π²/६ शी जुळायला हवेत. आणि `n * n` कुठे नुसत्या `int` मध्ये राहिलंय का तेही बघा. हजारापर्यंत ते चालून जातं, पण तुमच्या दहा लाखाच्या लूपमध्ये ४६,३४१ पासून वर्ग `int` मध्ये मावत नाही. मग बेरजेत उणे पदं शिरतात किंवा स्क्रीनवर `inf` येतं, आणि त्याचा राउंडिंगशी काही संबंध नसतो.